कागद नाही पण काम येतं: आरपीएल आणि असेसमेंटचा दिवस, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरपीएल म्हणजे नेमकं काय?

आरपीएल म्हणजे रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, आधी शिकलेल्याला मान्यता. तुम्ही काम करत करत जे शिकलात ते आधीच तुमच्याकडे आहे असं धरून, ते एका ठरलेल्या मापदंडाला पुरतं का हे तपासायचं आणि पुरत असेल तर सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच. वर्गात बसलात की नाही, कोणाच्या हाताखाली शिकलात, याला महत्त्व नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००४ सालच्या १९५ नंबरच्या शिफारशीत हे स्पष्ट लिहिलंय की कौशल्य कुठेही मिळवलेलं असो, औपचारिक शिक्षणात किंवा त्याच्या बाहेर, त्याचं मूल्यमापन आणि मान्यता मिळायला हवी. त्याच संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातले सुमारे २०० कोटी लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त, असंघटित कामात आहेत, त्यामुळे हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही.

या पानावर आम्ही मुद्दाम एकच काम धरून सगळं सांगितलंय, वीटकाम करणाऱ्या गवंड्याचं, कारण सगळ्या धंद्यांबद्दल वरवर लिहिलं तर कोणालाच काही हाती लागत नाही. तुमचं काम शिलाईचं, वेल्डिंगचं, पेशंट सांभाळायचं असलं तरी दिवस साधारण याच पद्धतीने जातो.

मी २० वर्षं काम करतोय, मग परीक्षा कशाला?

हा प्रश्न रागानेच विचारला जातो आणि तो राग आम्हाला समजतो. पण वर्षं मोजली तर दोन वेगळे लोक एकाच मापात येतात, एकाने २० वर्षांत कोपरे, कमानी, जिने सगळं केलेलं असतं आणि दुसऱ्याने २० वर्षं एकाच प्रकारची सरळ भिंत उचललेली असते. सर्टिफिकेट बघून कामावर घेणाऱ्याला हा फरक कळायला हवा, म्हणून वर्षं ही फक्त दारातून आत यायची अट असते. ती अटसुद्धा बदलत राहते, फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्याने ३ वर्षांचा अनुभव मागितला होता आणि २०१६ मध्ये तो १ वर्षावर आणला. आत गेल्यावर मात्र सगळं कामावरच ठरतं.

त्या मापदंडात काय लिहिलेलं असतं?

काम छोट्या भागांत तोडलेलं असतं, त्यांना युनिट म्हणतात. वीटकामाचं उदाहरण घेतलं तर ड्रॉइंग वाचून आखणी करणं हे एक युनिट, माल कालवणं दुसरं, भिंत आणि कोपरा उचलणं तिसरं, सांधे भरणं आणि पाणी मारणं चौथं, सेफ्टी पाचवं, असं काहीतरी. प्रत्येक युनिटखाली "हे करता आलं पाहिजे" आणि "हे माहीत असलं पाहिजे" अशा दोन याद्या असतात. नाव नोंदवल्यावर या याद्या मागून घ्या आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. आमच्या मते सगळ्या तयारीत सगळ्यात जास्त फायदा याच एका गोष्टीचा होतो, कारण ज्याला यादी माहीत नाही तो त्या दिवशी आपलं नेहमीचं काम करून दाखवतो आणि असेसर, म्हणजे तपासणारा माणूस, वेगळंच काहीतरी शोधत असतो.

माझ्याकडे एकही कागद नाही. पुरावा म्हणून काय आणू?

पुराव्याला चार प्रश्न विचारले जातात. हा त्याच कामाचा आहे का? पुरेसा आहे का, की एकदाच घडलेली गोष्ट आहे? खरंच तुमचाच आहे का? आणि अलीकडचा आहे का? या चारांत बसेल ते सगळं चालतं.

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या प्रश्नावर होतो. लोक पूर्ण झालेल्या भिंतीचे, रंगवलेल्या घराचे सुंदर फोटो घेऊन येतात, पण त्या फोटोवरून ते काम कोणी केलं हे कळतच नाही आणि प्लॅस्टरखाली विटा कशा लावल्यात तेही दिसत नाही. त्यापेक्षा काम चालू असतानाचे फोटो घ्या, एकाच भिंतीचे तीन-चार, पहिला थर लावताना, कोपरा उचलताना, ओळंबा लावलेला असताना, आणि त्यातल्या निदान एकात तुमचा चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या. २० सेकंदांचा व्हिडिओ असेल तर आणखी चांगलं, थापी कशी धरता आणि सांधा कसा दाबता हे त्यात दिसतं.

दुसरा चांगला पुरावा म्हणजे ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांचं पत्र, मग ते मुकादम असोत, इंजिनिअर असोत, नाहीतर ज्यांच्या घराचं काम केलं ते असोत. पण "हे अतिशय मेहनती आणि प्रामाणिक आहेत" अशा पत्राचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण त्यात कामच नाही. पत्रात कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, काय काय केलं, ते लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं का, आणि त्यांचा फोन नंबर, एवढं हवं. असेसर फोन करून विचारू शकतो, तर पत्र देणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

आणि पुरावा अगदीच नसेल तर? तरी अर्ज करा. हाताचं काम असेल तर असेसमेंटच्या दिवशी तुम्ही जे करून दाखवता तोच सगळ्यात पक्का पुरावा धरतात, फोटो आणि पत्रं त्याला आधार म्हणून.

आधी भेटायला बोलावतात, ती भेट कशासाठी?

त्या भेटीत तुमच्याशी बोलून कुठलं सर्टिफिकेट आणि कुठली लेव्हल तुम्हाला लागू पडते ते ठरवतात. यादीतल्या एकेका ओळीवर विचारतात, हे करता का, शेवटचं कधी केलं, एकट्याने केलं की कोणाबरोबर. इथे संकोच करू नका आणि फुगवूनही सांगू नका. खूप जण जवळच्या मित्राने जी लेव्हल घेतली तीच मागतात आणि मग ड्रॉइंगच्या युनिटवर अडकतात, उलट काही जण, विशेषतः बायका, आपण फक्त "हाताखाली" होतो असं सांगून खालची लेव्हल घेतात आणि प्रत्यक्षात माल कालवण्यापासून थर लावण्यापर्यंत सगळं त्याच करत असतात. म्हणून पदाचं नाव सांगू नका, दिवसभरात हाताने काय काय करता ते सांगा.

मला लिहिता-वाचता येत नाही, चालेल का?

बहुतेक कामांत चालतं. प्रश्न तोंडी विचारून घेता येतात, तुमच्या भाषेत, आणि तशी सोय हवी हे आधीच्या भेटीतच सांगायचं, ऐन दिवशी नाही. अपवाद एकच, जे वाचन कामाचाच भाग आहे ते माफ होत नाही. म्हणजे प्रश्नपत्रिका कोणी वाचून दाखवली तर चालतं, पण "ड्रॉइंगवरून मापं घेता आली पाहिजेत" असं यादीत असेल तर ड्रॉइंगवरचं माप तुम्हालाच ओळखावं लागेल. त्यासाठी सगळी बाराखडी यायला हवी असं नाही, आकडे आणि दहा-बारा खुणा पुरतात, एक-दोन आठवड्यांत बसतात.

असेसमेंटचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो?

समजा एक गवंडी आहेत, १५ वर्षं काम केलेले, शाळा मध्येच सुटलेली. सकाळी पोचल्यावर आधी ओळखपत्र आणि नाव तपासतात, सही किंवा अंगठा घेतात, मग असेसर सगळ्यांना एकत्र बसवून दिवसभर काय होणार ते सांगतो. या वेळी काही कळलं नाही तर विचारायचं, त्याचे मार्क जात नाहीत. घड्याळ अजून सुरू झालेलं नसतं.

मग काम मिळतं. आमच्या उदाहरणात ते असं: एल आकाराचा कोपरा उचलायचा, दोन्ही बाजू बाहेरून १ मीटर, भिंत एका विटेच्या जाडीची, इंग्लिश बाँडमध्ये, म्हणजे एक थर विटेची लांब बाजू समोर ठेवून आणि पुढचा आखूड बाजू समोर ठेवून, १० थर, वेळ ४ तास. वीट १९० मिलिमीटर लांब आणि ९० मिलिमीटर उंच, सांधा १० मिलिमीटर, म्हणजे १० थरांचं मिळून बरोबर १ मीटर व्हायला हवं. विटा लागतात साधारण १७० ते १८०.

असेसर बाजूला उभा राहून बघतो आणि लिहितो. तो पहिली वीट लागायच्या आधीच लिहायला लागतो हे लोकांना माहीत नसतं! बूट घातलेत का, वीट तोडताना डोळ्याला चष्मा लावला का, ओल्या सिमेंटने कातडी भाजते म्हणून हातमोजे घेतले का, विटा आधी भिजवल्या का, पहिला थर कोरडाच मांडून बघितला का. आमच्या गवंड्यांनी दोरी लावून काटकोन तपासला, एका बाजूवर ६० सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूवर ८०, आणि तिरपं माप बरोबर १०० आलं. ही पद्धत त्यांना कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती, पण असेसरच्या यादीत ती आहेच.

तिसऱ्या थराला त्यांच्या लक्षात आलं की बाहेरचा उभा सांधा खालच्या सांध्यावरच येतोय, म्हणजे सांधामोड होत नाहीये. कोपऱ्याला भिंतीच्या जाडीत आडव्या ठेवलेल्या विटेशेजारी लांबीतून अर्धा केलेला तुकडा, ज्याला क्वीन क्लोजर म्हणतात, तो घालायचा राहिला होता. त्यांनी थांबून दोन विटा काढल्या, माल खरवडला, तुकडा तोडून बसवला आणि पुढे गेले. त्यांना वाटलं आता गेलं सगळं. पण असेसरने त्याची नोंद चांगल्या बाजूला केली, कारण स्वतःची चूक स्वतः ओळखून माल घट्ट व्हायच्या आत दुरुस्त करणं हे कसबी कामगाराचंच लक्षण आहे. चूक दिसत असूनही तशीच वर बांधत गेले असते तर मात्र ते युनिट गेलं असतं.

भिंत झाल्यावर मोजणी. ओळंब्यात फरक ३ मीटरला ६ मिलिमीटर चालेल असं मापदंडात असेल, तर १ मीटरच्या भिंतीला २ मिलिमीटरच चालतो, आणि त्यांचा दीड आला. उंची १ मीटर ४ मिलिमीटर, तीही मर्यादेत. इथे एक सांगावंसं वाटतं, सांधा १० ऐवजी १२ मिलिमीटरचा पडत गेला तर डोळ्याला काहीच कळत नाही पण दहाव्या थराला भिंत २० मिलिमीटर वर गेलेली असते. म्हणून दर दोन-तीन थरांना पट्टीवर खुणा करून माप बघायची सवय लावा. साइटवर हे कोणी विचारत नाही, इथे विचारतात.

तोंडी प्रश्न कसे असतात? काम दाखवलं तरी परत प्रश्न का?

कारण दिवसभरात सगळं काही घडत नाही. त्या दिवशी पाऊस नव्हता, उंच कामासाठी परांची बांधायची नव्हती, रेती आधीच चाळलेली होती. मग असेसर विचारतो, पाऊस आला तर अर्धी भिंत कशी सांभाळाल, रेतीत माती जास्त आहे हे कसं ओळखाल.

चांगले कारागीर इथेच कमी पडतात, आणि येत नाही म्हणून नव्हे, तर बोलत नाहीत म्हणून. "वीट भिजवून का घेता?" यावर "आम्ही नेहमी भिजवतोच" एवढंच उत्तर आलं तर असेसरला काही लिहिताच येत नाही. तेच जर म्हणालात की कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, मग सिमेंट नीट पकडत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो, पण वीट फार ओली असली तर मालावर सरकते, म्हणून आधी भिजवून थोडी निथळू देतो, तर तो प्रश्न संपला. रेतीचंही तसंच, तळहातावर चोळून बघतो किंवा बाटलीत रेती-पाणी हलवून काही तास ठेवतो, वर बसलेला गाळाचा थर दिसतो, असं सांगितलं की पुरे.

तयारी म्हणून एवढंच करा: रोजचं काम करताना शेजारच्याला "मी हे असं का करतोय" ते मोठ्याने सांगत जा. चार दिवसांत जीभ सैल होते.

चांगला असेसर दुसऱ्या शब्दांत परत विचारतो, "अहो काका, नाही भिजवली तर काय होईल?" पण तो उत्तर तोंडात घालू शकत नाही. प्रश्न कळला नाही तर "परत सांगा" म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

रिझल्टमध्ये पास-नापास असतं का?

बऱ्याच ठिकाणी "सक्षम" आणि "अजून सक्षम नाही" असे दोनच शेरे असतात, आणि ते प्रत्येक युनिटला वेगळे. काही ठिकाणी टक्के देतात आणि किमान टक्केवारी ठरलेली असते. आमच्या गवंड्यांना पाचपैकी चार युनिट मिळाली. ड्रॉइंगचं राहिलं, कारण दिलेल्या ड्रॉइंगवरचं एक माप त्यांनी भिंतीच्या आतल्या बाजूचं धरलं, ते बाहेरच्या बाजूचं होतं, आणि सहायकाने आठवण करून दिल्यावर आखणी बदलली. भिंत बरोबर आली तरी ड्रॉइंग त्यांनी स्वतः वाचलं असं म्हणता येत नाही.

मग चार युनिटचं काय झालं? परत सगळं द्यायचं?

नाही, आणि हे नीट विचारून घ्या कारण काही सेंटर सरळ "नापास, परत या" सांगून मोकळे होतात. जिथे युनिटवार पद्धत आहे तिथे मिळालेली युनिटं तुमच्या नावावर राहतात, त्यांचा कागद मागता येतो, आणि फक्त राहिलेल्या भागाचं छोटं ट्रेनिंग घेऊन त्याचीच पुन्हा तपासणी होते. ड्रॉइंगसाठी आमच्या गवंड्यांना काही दिवसांचा सराव पुरेल, पूर्ण कोर्स लावायची गरज नाही. कोणी पूर्ण कोर्सच करा म्हणत असेल तर कुठलं युनिट गेलं आणि का गेलं ते लेखी मागा.

इतक्या वर्षांचा अनुभव असलेले लोक अडकतात ते कुठे?

सगळ्यात जास्त सेफ्टीवर. साइटवर चपला घालून, चष्मा न लावता वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, तेच इथे हाताच्या सवयीने होतं. काही मापदंडांत सेफ्टीच्या ठरावीक गोष्टी "चुकल्या तर थांबवा" अशा असतात, म्हणजे बाकी सगळं उत्तम असलं तरी काम तिथेच थांबवतात. महिनाभर आधीपासून रोजच्या कामावर चष्मा, हातमोजे वापरायला लागा, त्या दिवशी पहिल्यांदा घातले तर थापीच नीट धरता येत नाही.

दुसरं, अनोळखी अवजार. तुम्ही नळीत पाणी भरून लेव्हल काढता आणि तिथे स्पिरिट लेव्हल दिलेली असते. शक्य असेल तर आदल्या दिवशी जागा आणि सामान बघून या. आपली थापी आणि ओळंबा नेता येतो का तेही विचारा, बहुतेक वेळा येतो.

नावात फरक आहे, अडचण येईल?

येते, आणि अगदी फालतू कारणाने सर्टिफिकेट अडकतं. ओळखपत्रावर एक नाव, फॉर्मवर दुसरं, बँकेत तिसरं. फॉर्म भरतानाच ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न अक्षर तसंच लिहून घ्या, कारण सर्टिफिकेट छापून आल्यावर दुरुस्तीला फार वेळ जातो.

असेसर ट्रेनिंग सेंटरचाच माणूस असेल तर?

नसावा. ज्याने शिकवलं किंवा ज्याला तुमच्या पास होण्यावर पैसे मिळतात त्याने तपासू नये, हा यातला साधा नियम आहे. असेसर त्या धंद्यात स्वतः काम केलेला असावा आणि तपासणीचं ट्रेनिंग घेतलेला असावा, दोन्ही. निकाल चुकीचा वाटला तर अपील असतं, त्याला मुदत असते, म्हणून निकालाच्या दिवशीच मुदत विचारा. "मला चांगलं काम येतं" एवढ्यावर अपील टिकत नाही. "पाणी अर्धा तास उशिरा आलं आणि वेळ वाढवून दिली नाही" किंवा "हा प्रश्न मला विचारलाच नाही" असं नेमकं लिहा. सोबतच्या उमेदवारांची सही मिळाली तर घ्या.

कोणी घरबसल्या सर्टिफिकेट देतो म्हणतोय, घेऊ का?

नको. काम बघितलंच नाही, प्रश्न विचारलेच नाहीत आणि कागद मिळाला, तर तो आरपीएलचा कागद नाही. खऱ्या सर्टिफिकेटवर कुठलं काम, कुठली लेव्हल, कुठली युनिटं, कोणत्या संस्थेने दिलं आणि पडताळणीचा नंबर असतो. पैसे द्यायच्या आधी त्या संस्थेला हे सर्टिफिकेट द्यायची मान्यता कोणी दिलीय ते विचारा आणि मान्यता देणाऱ्याच्या यादीत स्वतः बघा, एजंटने मोबाइलवर दाखवलेला फोटो पुरावा धरू नका. नोकरी देणाऱ्याने नंबर टाकून पाहिलं आणि काहीच आलं नाही, तर हातचं कामही जातं.

सर्टिफिकेट मिळालं की मजुरी वाढते का?

आपोआप नाही, आणि वाढतेच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. जिथे पगार लेव्हलवर ठरतो, टेंडरमध्ये सर्टिफाइड कामगार मागितलेले असतात, किंवा दुसऱ्या देशात कामाला जायचंय, तिथे फरक पडतो. तोंडी बोलीवर चालणाऱ्या रोजंदारीत मालक कागद बघतही नाही. म्हणून अर्ज करण्याआधी तुम्हाला जिथे काम हवंय तिथे एकदा जाऊन विचारा की कुठलं सर्टिफिकेट आणि कुठली लेव्हल चालते, आणि मग तेच घ्या. परदेशाचा विचार असेल तर तिथे ते मानतात का हे त्या देशाच्या मान्यता देणाऱ्या संस्थेकडून आधी लेखी घ्या.

असेसमेंटच्या दिवसाची मजुरी बुडते, त्याचं काय?

ही खरी अडचण आहे आणि अनेक जण फक्त याच कारणाने येत नाहीत. दोन मार्ग आहेत. एक, पाच-दहा जण मिळून सेंटरला विचारा की असेसर साइटवर येऊन चालू कामावरच तपासेल का, काही ठिकाणी अशी सोय असते आणि तुमची नेहमीची अवजारं, नेहमीचा सहायक सोबत राहतो. फक्त साइटच्या मालकाची परवानगी आधी लागते आणि यादीतलं काम त्या दिवशी तिथे चालू असायला हवं, नाहीतर राहिलेल्या भागासाठी परत यावं लागतं. दुसरं, बुडालेल्या दिवसाचा भत्ता किंवा प्रवासखर्च मिळतो का ते नाव नोंदवतानाच विचारा, आणि मिळत असेल तर हजेरीच्या कागदावर सही केल्याशिवाय त्या दिवशी निघू नका.